चाचा आणि दोन थेंब

आमच्या अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात मरणाऱ्या माणसासाठी जिवंत माणसांशी इतकं भांडणारा दुसरा कुणी असेल, तर मला आणून दाखवा. बल्लारपूरला शिवणयंत्र चालवणारे हे गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. पाच वेळचे नमाजी. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत मात्र गंगाजल, मक्केचं जमजम आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुळस एकमेकांना चिकटून बसलेली असतात. खिशातल्या वहीत मौलाना, गुरुजी, भंतेजी आणि फादर यांचे नंबर. फादर मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं आपलं तेल दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, याचा चाचांना आजवर राग आहे.

मी सरकारी दवाखान्यात आयसीयूची सिस्टर. सुरुवातीला मी त्यांना हाकलायची. ते गेटवर बसून राहायचे. "बाई, इंजेक्शन तुमचं, सुई तुमची, सब मंजूर. पन जानाऱ्या मान्साच्या कानात चार शब्द कोन सांगन?" शेवटी आमची तडजोड झाली. नातेवाईक बोलावतील तरच यायचं. पेशंट शुद्धीत असला तर आधी त्याला विचारायचं. डॉक्टरांची परवानगी, हात धुणं, पडदा ओढणं, आत दोनच माणसं. ऑक्सिजन चालू असतो, म्हणून दिवा नाही, अगरबत्ती नाही. यासीन असो की गीता, पाठ हळू आवाजात. पाणी चमच्याने पाजायचं नाही, ओल्या गॉजने नुसते ओठ भिजवायचे. गिळता न येणाऱ्याच्या छातीत पाणी गेलं की संपलंच. आणि झालं ते फाईलवर लिहायचं. चाचांनी सगळं पाठ केलं आणि मग माझ्याच नव्या पोरींना शिकवू लागले. एका म्हाताऱ्या मियांजींचा पलंग काब्याच्या दिशेला, पश्चिमेकडे वळवायला त्यांनी वॉर्डबॉयसकट मलाही ढकलायला लावलं होतं!

पण एकदा चाचा तोंडावर आपटले. मोहर्लीच्या बाजूच्या जंगलातल्या गावातली एक गोंड म्हातारी होती. फाईलवर धर्म 'हिंदू' लिहिलेला. डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, संध्याकाळपर्यंतच. लेकीनं बोलावलं आणि चाचा गंगाजल घेऊन हजर. म्हातारीनं मान फिरवली. लेक म्हणाली, "हे आमचं नाई, चाचा."

चाचांनी भर वॉर्डात स्वतःचे कान पकडले. "चुकलो, माय. तुले काय पाह्यजे?"

म्हातारी पुटपुटली, लेकीनं सांगितलं, "गावच्या झऱ्याचं पानी. अन् पेनाच्या नावानं मोहाची दोन थेंब." पेन म्हणजे त्यांचे देव, त्यांत पूर्वजही आले, आणि मोहाची म्हणजे सरळ सरळ मोहफुलांची दारू. मी चाचांकडे पाहिलं. दारूच्या दुकानासमोरून जाताना रस्ता बदलणारा माणूस! त्यांनी खिशातली वही काढली आणि म्हणाले, "पत्ता सांग."

तीन तासांनी परतले. पाण्याची बाटली हातात आणि दुसरी शिशी रुमालात बांधून अंगापासून वीतभर लांब धरलेली, जणू आत विंचू होता. गेटवर गार्डनं अडवलं. मोठे साहेब आले, "दवाखान्यात दारू? सिस्टर, हे काय चाललंय?"

मीही नागपूरकडची, दबणारी नाही. म्हटलं, "साहेब, दिवसभर आपण हाताला स्पिरिटच चोळतो. ही बाई संध्याकाळ पाहणार नाही. नाही म्हणायचं असेल तर फाईलवर सहीनिशी लिहा, मी तिच्या लेकीला वाचून दाखवते." साहेबांनी पेन काही काढलं नाही. डॉक्टर म्हणाले, "ओठालाच. थेंबभरही आत नको."

मी म्हातारीचा मास्क काढून नाकात ऑक्सिजनची नळी लावली, म्हणजे ओठ मोकळे झाले. पडदा ओढला. लेकीनं झऱ्याच्या पाण्याचं गॉज ओठांवरून फिरवलं. मग रिवाजाने जमिनीवर सोडायचे मोहाचे दोन थेंब माझ्या स्टीलच्या ट्रेमध्ये सोडले, बोट बुडवून ओठाला टेकवलं आणि गोंडीत एकेका पूर्वजाचं नाव घेतलं. म्हातारीची जीभ ओठावरून हळूच फिरली. ती हसली हो, खरंच हसली! तासाभराने गेली.

चाचा बाहेर बेसिनपाशी हात धूत होते, कितव्यांदा कोण जाणे. मी विचारलं, "गुनाह नाही का झाला, चाचा?"

"झाला असन. वर इचारतीन तं सांगीन, म्हातारीले कोरडं नाई जाऊ देल्लं." मग साबण ठेवत ते म्हणाले, "माह्या वक्ताले तूच ड्युटीवर राह्यजो, बाई. पलंग वळवजो. पोरं दुबईत हायेत, यासीन पढणारा कोनी आला नाई तं कानात कलमा तूच सांगजो. येते तुले, मियांजीच्या वक्ताले तुह्ये ओठ हालताना मी पाह्यलं."

मी हो म्हटलं. घरी जाऊन उच्चार पक्के केले.

यंदा चाचांना जिना चढताना धाप लागते. तपासून घ्या म्हटलं की माझ्यावरच ओरडतात. आणि माझी बदलीची ऑर्डर पंधरा दिवसांपासून पर्समध्ये पडून आहे. चाचांना सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.