तीन वाजून चाळीस मिनिटांचा कोन

तुम्ही फोनवर विचारता, आजी दिवसभर काय करतेस? मागच्या वर्षी काय केलं ते सांगते. एका मुलीसाठी प्रश्न वाचले आणि ती सांगेल ती उत्तरं लिहिली.

जळोचीच्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर स्पर्धा परीक्षेचा एक क्लास आहे. ते बँकेच्या परीक्षेसाठी वीस मुलांची मोफत तुकडी काढणार होते आणि त्यासाठी चाचणी होती. बावड्याहून एसटीने एक मुलगी आली होती. तिला जन्मापासून दिसत नाही. लेखनिक मिळत नव्हता म्हणून संचालकांनी मला बोलावलं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, गणिताशी माझं कधीच जमलं नाही. पण लेखनिकाला गणित यावं लागत नाही, हात चालला की पुरे.

तिची प्रश्नपत्रिका वेगळी छापली होती. घड्याळाच्या प्रश्नाखाली चित्राच्या जागी एक रिकामी चौकट, कॅलेंडरच्या प्रश्नाखाली दुसरी.

संचालक म्हणाले, "तिला चित्राचा काय उपयोग? हे दोन प्रश्न सोडून दे पोरी, बाकीचे कर."

"मी का सोडू? आजी, वाचा तुमी."

मी वाचलं. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत, काट्यांमधील लहान कोन किती? तिने क्षणभरच विचार केला.

"मिनिटकाटा मिनिटाला सहा अंश, चाळीसला दोनशे चाळीस. तासकाटा मिनिटाला अर्धा. तीनचे नव्वद आन् वर वीस, एकशे दहा. फरक एकशे तीस, लिहा."

पुढचा प्रश्न: २०२४ साली २६ जानेवारीला शुक्रवार आहे, तर १५ ऑगस्टला कोणता वार?

"लीप वर्ष हाय. जानेवारीचे उरले पाच, फेब्रुवारीचा वरचा एक, मार्चचे तीन, एप्रिल दोन, मे तीन, जून दोन, जुलै तीन, ऑगस्टच्या पंधरातला एक. झाले वीस. सातानं भागून उरले सहा. गुरुवार."

मी दोन्ही उत्तरं लिहिली. पण खरं सांगते, मला एकशे तीस पटलं नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या पत्रिकेत चित्र होतं आणि त्यात छोटा काटा बरोबर तीनवर होता. तीन ते आठ पाच घरं, तीसप्रमाणे एकशे पन्नास. मी गप्प राहिले, कारण लेखनिकाने बोलायचं नसतं.

निकाल लागला. यादीत वीस नावं होती आणि तिचं नव्हतं. एका गुणाने गेलं होतं. गुरुवार बरोबर आणि एकशे तीस चूक.

मी म्हटलं, "जाऊ दे बाळा, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी कशाला? उत्तर आत्ताच बरोबर हाय." ती थेट ऑफिसात गेली. मला तिच्या मागून जावं लागलं.

संचालकांनी चित्र टेबलावर ठेवलं. "बघा मॅडम, काटा तीनवर आहे. आता तिला काय दाखवू?"

मुलीने मनगटावरचं घड्याळ काढलं. त्याची काच झाकणासारखी उघडते आणि काट्यांना बोट लावता येतं. तिने बाजूची कळ फिरवून, चाचपत, तीन चाळीस केले.

"सर, बघू नका. हात लावा. तास पुढं जातो तसा छोटा काटाबी चालतो. चाळीस मिनिटं झाली आन् ह्यो अजून तीनवर उभा हाय म्हणता?"

त्यांनी बोट लावलं, मग मीही लावलं. छोटा काटा चारच्या जवळ गेला होता. रोज भिंतीवर बघते मी घड्याळ, आणि हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

संचालक म्हणाले, "बरं. प्रश्न सगळ्यांसाठी रद्द करतो. वाद मिटला."

"रद्द कशापायी? गुण द्या."

"अगं, बाकीच्यांनी एकशे पन्नास लिहिलंय. सगळ्यांचे पेपर पुन्हा तपासायचे? माझ्याकडे माणसं कुठं आहेत?"

"मी आहे," मी म्हटलं. तोवर मला तिचा राग आला होता की माझा, सांगता येणार नाही.

दुपारभर मी लाल पेन घेऊन बसले. एकशे पन्नासवर फुली, गुण कमी. बहुतेकांचा एकेक गुण गेला. ती बाहेर बाकावर बसून होती. तिची शेवटची एसटी साडेसहाची होती, पण तिने एकदाही घाई केली नाही. नवी यादी झाली तेव्हा ती अठरावी आली.

संचालकांनी जुन्या यादीखाली पेनने तिचं नाव लिहायला घेतलं. मी ते तिला सांगितलं.

"खाली न्हाय. अठरावा नंबर तर अठराव्या जागी लिहा. नवी यादी छापा."

"फार हट्टी आहे हो ही," ते मला म्हणाले, पण प्रिंटर चालू केला. कागद बाहेर येईपर्यंत त्यांनी विचारलं, "पुढच्या वेळी चित्रच नको ना?"

"ठेवा की, बाकीच्यांना लागत असंल," ती म्हणाली. "काटा तेवढा त्याच्या जागेवर ठेवा."