शेजारच्या स्तंभातलं शौर्य

डीटीपीवाल्या मावशींची जीभ कात्रीसारखी चालायची. एकदा शेजारचा वायरमन आईला घेऊन आला. जुन्या वर्तमानपत्राच्या पीडीएफमधून त्याने मजकूर कॉपी केला होता, तो वडिलांच्या फोटोखाली लावायचा होता. सगळी खिचडी होती, पण एक ओळ त्याला तोंडपाठ होती: "आग लागताच पहारेकऱ्याने उडी घेऊन चौघांना वाचवले."

"त्या जळालेल्या गोदामाचे पहारेकरी म्हणजे आमचे बाबाच," तो छाती फुगवून म्हणाला.

मावशींनी मूळ पान उघडलं. बातम्या दोन स्तंभांत होत्या, आणि कॉपी करताना डावीकडच्या ओळीला उजवीकडची चिकटली होती. त्यांनी आधी डावा स्तंभ सलग लावला, मग उजवा, आणि तुटलेल्या ओळी जोडून परिच्छेद केले. पुरात उडी घेऊन चौघांना वाचवणारा उजवीकडच्या बातमीतला नावाडी निघाला.

पडद्यावर डावी बातमी वाचून वायरमनचा चेहरा उतरला. "मावशी, आधीचंच राहू द्या ना."

"चुकीचं काम माझ्या हातून जात नाही." प्रिंट काढून मावशींनी ती त्याच्या आईच्या हातात ठेवली. "वाचा काकू, मोठ्याने."

काकू कौतुकाने वाचू लागल्या, "आग लागताच पहारेकऱ्याने फाटकाला बाहेरून कुलूप लावून पळ काढला. आत चौघे होते."