होडीची कड

मालवणात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कोपऱ्यात एक थ्रीडी प्रिंटर. शेजारच्या काकांची नजर मधुमेहाने गेली, तेव्हा त्यांच्या लेकीने ठरवलं की मस्कतला नोकरीवर परतण्याआधी त्यांनी स्वतः बांधलेल्या होडीची छोटी प्रतिकृती त्यांच्या हातात द्यायची. जुन्या फोटोंवरून तिने ती कॉम्प्युटरवर काढली होती. संध्याकाळी कुडाळहून तिची गाडी होती.

सकाळी छापलेली होडी दुकानात बसलेल्या काकांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटं फिरवली, थांबवली, परत फिरवली.

"ही माजी होडी नाय," ते म्हणाले. "हिका कडच नाय."

मी फाइल उघडली. होडीची वरची फळी, म्हणजेच कड, तिथे होती, पण लहान आकारात ती पाव मिलिमीटरहून थोडीच जाड उरली होती. प्रिंटरच्या तोंडातून, म्हणजे नोझलमधून, प्लास्टिकची रेघ निघते ती त्याहून रुंद. त्यामुळे होडी थरांमध्ये कापताना सॉफ्टवेअरने फळी सरळ गाळून टाकली होती. थरांचं चित्र मी सकाळी पाहिलंच नव्हतं. लेक घड्याळ बघत होती.

मग मी सॉफ्टवेअरची भिंती आखायची पद्धत बदलली. रेघ सगळीकडे सारखी न ठेवता जागेप्रमाणे बारीक-जाड करणारी निवडली. पडद्यावर फळी उगवली. नोझलपेक्षा किंचित बारीक, एकेरी रेघेची. पण उलांडीला, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगणाऱ्या लाकडाला, बांधलेला सुंभ अजून दिसत नव्हता. तो केसाइतका बारीक काढलेला. इतकं बारीक काही या पद्धतीतही गळतंच. गाळण्याची ती मर्यादा खाली ओढली असती तर पडद्यावर दिसला असता, छापताना टिकला नसता. लेकीने तिथेच बसून तो अर्ध्या मिलिमीटरचा केला.

मी प्रिंटरचा वेग कमी केला. एकेरी भिंत, जरा धक्का लागला की गेली. वेग कमी म्हणजे वेळ जास्त. दुपारी दिवे लुकलुकले. इन्व्हर्टरने सांभाळलं. रिक्षावाला बाहेर येऊन उभा राहिला तेव्हा शेवटचे थर पडत होते. प्रिंटरच्या गरम पाट्यावरून ती जपून काढून मी काकांच्या हातात दिली.

काकांचं बोट कडेवरून नाळेपर्यंत, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत गेलं. मग सुंभावर आलं, आणि एक गाठ कट्कन मोडली. लेक दचकली. दुसरी छापायला वेळ नव्हता.

"सुंभ जाड झालो," काका हळू म्हणाले. मोडलेला तुकडा त्यांनी चिमटीत धरून ठेवला. "पण ही माजी. तू जा गो, गाडी चुकात."

ती रडत रिक्षात बसली. मी तुकडा चिकटवून देते म्हटलं, तर त्यांनी होडी छातीशी धरली आणि मला देईनातच.