वाटीतलं पाणी

आमच्या इस्पितळात त्याला सगळे सावकाश म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी ऐकू यायचं, तेवढंच. ट्रॉली हलवण्याआधी तो ‘सावकाश’ म्हणायचा, वळणावर म्हणायचा आणि पेशंटला कॉटवर घेताना पुन्हा म्हणायचा. पेशंट आम्हा सगळ्या वॉर्डबॉयना मामाच म्हणायचे. त्याला मात्र सावकाशमामा.

आम्ही दोघं मेंदूच्या वॉर्डात होतो. पेशंटचे पाय पुढे, डोकं मागे. मागून ढकलणारा तो, पुढून दिशा देणारा मी. डोक्याकडचा माणूस पेशंटचा चेहरा बघत चालतो, म्हणून ती जागा जबाबदारीची. ती त्याने कधी सोडली नाही.

आता तिथे नवी इमारत आहे. जमीन अशी सलग की ट्रॉली नुसती वाहत जाते. मला तो जुना बोळ आठवतो. दगडी फरशी, फरशीला सांधे, वॉर्डाच्या दाराला उंबरठा, लिफ्टच्या तोंडाशी वर आलेली लोखंडी पट्टी, शेवटी उतार. उतार संपला की स्कॅनची खोली. डोळे मिटून आजही मी तो रस्ता चालू शकतो. हातांना तो पाठ आहे.

नवा माणूस आला की सावकाश रिकाम्या ट्रॉलीवर, जिथे डोकं येतं तिथे, स्टीलची वाटी काठोकाठ भरून ठेवायचा. म्हणायचा, “स्कॅनपर्यंत घेऊन चल.” उंबरठा आला की थांबायचं. पुढच्याने पुढची चाकं उचलून पलीकडे अलगद टेकवायची, मग मागच्याने मागची. ढकलून पार करायचं नाही. मी कितीतरी दिवस पाणी सांडत होतो. “पट्टी फार वर आलीय,” मी एकदा म्हणालो.

“पट्टी तिथेच आहे. तुझ्या मनगटाला घाई आहे,” तो म्हणाला.

एवढं कशासाठी, ते आमच्या वॉर्डात कळायचं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली माणसं आमच्याकडे यायची. ऑपरेशन होईपर्यंत त्यांना पडदे ओढलेल्या खोलीत ठेवत. मोठा आवाज नाही, उजेड नाही. खोकला येऊ नये म्हणून औषध, कुंथावं लागू नये म्हणून औषध. फुटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसून ती कशीबशी बंद झालेली असते. ती सुटली तर पुन्हा फुटतं, आणि पहिल्या दिवशी ही भीती सगळ्यात जास्त. दुसऱ्यांदा फुटलेले फार थोडे घरी परत जायचे. ट्रॉलीच्या धक्क्याने फुटतं असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. रक्ताचा दाब वाढला की फुटतं, म्हणायचे. सावकाशचं उत्तर तयार असायचं. “धक्का बसला की माणूस दचकतो. दचकला की दाब वाढतो. मग?”

डॉक्टर हसायचे. पण आपला पेशंट असला की ‘सावकाशला बोलवा’ म्हणायचे.

आमची आणखी एक रीत होती. दुपारी पाय कितीही दुखोत, ट्रॉलीवर आडवं व्हायचं नाही. बाकावर झोपा, जमिनीवर झोपा. ट्रॉली पेशंटची. चेष्टेतसुद्धा कुणी झोपलं तर सावकाश त्याच्याशी दिवसभर बोलायचा नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही एका धिप्पाड पेशंटला कॉटवर घेतलं. चादरीचे कोपरे धरून, एक, दोन, उचल. काम नीट झालं. सावकाश ताठ उभा राहिला आणि दोन्ही हातांनी ट्रॉलीची दांडी धरली. मग वळून मागे बघितलं.

“कुणी मारलं रे?”

मागे भिंत होती.

“काय झालं?”

“डोक्यात... घण घातला कुणीतरी.” एवढं म्हणून तो खाली बसला आणि ओकला.

आम्ही रोज हाच आजार इकडून तिकडे नेत होतो. पण तो आजार नेहमी ट्रॉलीवर असायचा, दांडीशी नाही. आणि आमच्या कामात मान आखडणं, पाठ धरणं रोजचंच. मला वाटलं, वजन उचलताना शीर भरली. मी त्याची मान चोळायला वाकलो, तेवढ्यात वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर आल्या.

“हात लावू नका. सावकाश, इकडे बघा. दुखणं वाढत वाढत आलं, की एकदम?”

“एकदम. फटकन.”

“याआधी कधी असं?”

“जन्मात नाही. सिस्टर, तो दिवा विझवा आधी.”

त्यांनी त्याचा चेहरा खिडकीकडे वळवला. उजवी पापणी अर्धी खाली आली होती. सिस्टरांनी बोटाने ती उचलून टॉर्च मारला. डाव्या डोळ्याची बाहुली आकसली, उजव्याची मोठीच राहिली.

“डॉक्टरांना बोलवा. स्कॅनला फोन करा. आणि यांना ट्रॉलीवर घ्या.”

“मी चालत येतो,” सावकाश म्हणाला आणि उठायला लागला.

“बसा खाली!”

“ट्रॉलीवर मी नाही झोपणार. रस्ता काय मला माहीत नाही?”

“अहो, तुम्हीच सांगता ना लोकांना, उठायचं नाही, जोर करायचा नाही? मग आता?”

“ते पेशंटला.”

“मग आज तुम्ही कोण आहात?”

तो परत खाली टेकला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “डोक्याकडे तू राहशील?”

“राहीन.”

“नक्की?”

“अरे, राहतो म्हटलं ना. झोप आता.”

आम्ही त्याला उचललं. डोक्याकडची बाजू थोडी वर केली. पायाकडे शेजारच्या वॉर्डाचा एक मामा आला. मी दांडी धरली, ती अजून त्याच्या घामाने ओली होती. एवढ्या वर्षांत त्याचा चेहरा मी असा उलटा, वरून, कधी पाहिला नव्हता.

“उंबरठा,” सावकाश डोळे मिटून म्हणाला.

“दिसतोय.”

“पुढची चाकं उचलायला सांग त्याला.”

“उचलली.”

“आता तुझी.”

“सावकाश, तोंड बंद!” सिस्टर शेजारून चालत होत्या, एक हात त्याच्या नाडीवर. “एक शब्द बोललात तर तोंडाला पट्टी लावीन.”

तो बोलला नाही. पण सांधा यायच्या आधी त्याचं बोट चादरीवर टिचकी मारायचं. सांधे तो मोजत होता. लिफ्टपाशी बोट थांबलं. पट्टी. मी श्वास रोखला आणि मागची चाकं अशी उचलली की खांदे भरून आले. टेकवताना कट्ट झालं. बारीकसं. त्याच्या कपाळाला आठी पडली. मी त्या आठीकडे बघत राहिलो. गेली की नाही? नाडी धरलेल्या सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “चला. ठीक आहे.”

उतारावर मी ट्रॉली मागे ओढून धरत उतरवली. उतार संपला तेव्हा त्याचं बोट हलत नव्हतं. झोप आल्यासारखा झाला होता. हाक मारली की ‘हं’ म्हणायचा.

स्कॅनमध्ये मेंदूच्या तळाशी, जिथे पाण्याच्या काळ्या जागा दिसायला हव्यात, तिथे चांदणीसारखं पांढरं पसरलं होतं. ते रक्त. मग वाहिन्यांमध्ये औषध सोडून फोटो काढले. दाब खाली आणायची औषधं चालू झाली. संध्याकाळच्या आत ऑपरेशन ठरलं.

वहिनी, म्हणजे सावकाशची बायको, आल्या तेव्हा सर्जन डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून सांगितलं. मीही उभा होतो. मानेतून चार वाहिन्या वर जातात, दोन पुढून, दोन मागून. मेंदूच्या तळाशी त्या एकमेकींना जोडून एक कडं तयार होतं. फाटे फुटतात तिथे भिंतीवर ताण जास्त. सायकलच्या ट्यूबला कच्च्या जागी फुगवटा येतो, तसा तिथे वर्षानुवर्षांत येतो. यांचा फुगवटा उजवीकडे, मागच्या जोडवाहिनीपाशी आला. पापणी उचलणारी नस तिथूनच जाते. ती दाबली गेली, म्हणून डोळा मिटला.

“वजन उचलून झालं का हो?” वहिनींनी विचारलं.

“फुगवटा आधीपासून असणार. उचलताना दाब वाढला असेल. झोपेतही फुटला असता.”

“आता काय करणार?”

“फुगवट्याच्या मानेला बारीक चिमटा लावायचा. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा. रक्त कड्यातून जात राहील, फुगवट्यात जाणार नाही.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी, हे ट्रॉलीवर झोपले?”

“झोपले.”

“मग खरंच जास्त आहे,” म्हणाल्या आणि तेव्हा कुठे रडल्या.

चिमटा नीट बसला. आम्हाला वाटलं, सुटलो. पण सांडलेलं रक्त वाहिन्यांना बाहेरून डिवचतं, आणि काही दिवसांनी त्या स्वतःच आकसतात. ते होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून त्याला गोळ्या होत्या. तरी आठवड्याने त्याचा डावा हात जड झाला, बोलणं भरकटलं. वहिनींना तो ‘पायाकडे उभ्या राहा’ म्हणायला लागला. आधी दाब खाली ठेवत होते, आता चिमटा बसलेला म्हणून मुद्दाम वर नेला, सलाईन वाढवलं. आकसलेल्या वाहिनीतून रक्त रेटायचं होतं. वहिनी रोज त्याचा डावा हात हातात घेऊन बसायच्या. एका सकाळी त्या हाताने त्यांची बोटं दाबली.

बरेच महिने गेले. पापणी वर आली, पण थोडी खालीच राहिली. वॉर्डातल्या आया म्हणायच्या, “मामा डोळा मारतात.” तो म्हणायचा, “माणूस बघून मारतो.” जड उचलणं मात्र बंद. त्याला चाकांना तेल घालायचं काम दिलं. इस्पितळातली एकही ट्रॉली मग कुरकुरली नाही.

त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नव्हतं. घण नाही, बोळ नाही. कामावर परतल्यावर पहिल्याच दुपारी त्याने विचारलं, “मला कुणी नेलं?”

“मी.”

“डोक्याकडे?”

“तूच सांगितलंस.”

तो उठला. वाटी भरली, रिकाम्या ट्रॉलीवर ठेवली. “दाखव.”

“अरे, आता कशाला?”

“दाखव म्हणतो ना.”

पायाकडे तोच शेजारच्या वॉर्डाचा मामा. सावकाश बाजूने चालला, एक डोळा अर्धा मिटलेला, दोन्ही वाटीवर. उंबरठा गेला. सांधे गेले. लिफ्टची पट्टी आली. मागची चाकं मी उचलली, टेकवली. कट्ट. वाटीच्या काठावरून पाण्याचा एक ओघळ चादरीवर उतरला.

त्याने त्या ओल्या डागावर बोट ठेवलं. मी बोलणी खायला तयार उभा होतो.

“एवढंच सांडलं होतं?”

“असेल. तुझ्या कपाळाला आठी पडली होती.”

त्याने वाटी उचलली. तिथेच उभ्याने सगळं पाणी पिऊन टाकलं.

“चल,” म्हणाला, “उतार राहिलाय. सावकाश.”