बिनलेबलाचा शर्ट

तासगावच्या एसटी स्टँडमागं रायगोंडा मगदूम यांचं शिलाईचं दुकान आहे. शर्ट शिवून झाला की कॉलरच्या आत, मानेच्या मधोमध, ते आपल्या नावाचं बोटभर लेबल लावायचे. रेडिमेडची दुकानं आली तसं गिऱ्हाईक पांगलं. राहिले ते बेदाण्याचे व्यापारी लालासाहेब. वर्गमित्र, आणि तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

लालासाहेबांनीही मध्ये बरीच थेरं केली होती. पैसा नवा होता तेव्हा छातीवर तळहाताएवढं चिन्ह, पट्ट्याच्या बकलावर इंग्रजी अक्षरं, गॉगलच्या काडीवरसुद्धा कंपनीचं नाव. त्या काळात रायगोंडांच्या वाट्याला फक्त घरात घालायचे शर्ट यायचे. पुढं पुण्या-मुंबईच्या बड्या लोकांत ऊठबस वाढली आणि ही सगळी जत्रा एका दिवसात कपाटात गेली.

मुलाच्या लग्नाआधी ते फिक्या निळ्या चौकड्याचं कापड घेऊन दुकानात आले.

"रायगोंडा, वरनं काय दिसाय नको. चिन्ह न्हाई, अक्षर न्हाई. खरी मोठी माणसं छातीवर काय लावत न्हाईत रं. आन् तुझं लेबल बी नको."

"ते तर आतनं असतंय."

"कोट काढला, मान वाकवली, की दिसतंय. नावाचं काय घेऊन बसलास? लग्नात पुण्याचे पावणे येणार. तुला उभा करून सांगतो, ह्यानं शिवलाय म्हणून."

रायगोंडांना ते पटलं. लेबलापेक्षा लालासाहेबांच्या तोंडून निघालेलं नाव मोठं. चार मोठी गिऱ्हाइकं मिळाली तर दुकान उघडं राहणार होतं. त्यांनी तो शर्ट नऊ दिवस शिवला. खिसा असा बसवला की चौकडीची एक रेघ मोडली नाही. खांद्याची पट्टी मधोमध जोडून दोन्हीकडं रेघा सारख्या उतरवल्या. काजं हातानं केली. आंधळ्याच्या बोटालाही लागू नये इतकी बारीक शिलाई घातली.

आता स्वतः काय घालायचं? इथं मात्र या शहाण्या माणसानं माती खाल्ली. पुण्यात नोकरी करणाऱ्या प्राचीनं, म्हणजे लेकीनं, छातीवर सोनेरी हरीण विणलेला महागडा शर्ट पाठवला होता. बड्या लोकांत जायचं, घरचं शिवलेलं कसं घालायचं, असं म्हणून त्यांनी हरीण चढवलं आणि सांगलीचं कार्यालय गाठलं.

नवरीचे मामा पुण्याचे, कापडातले जाणकार. जेवणाआधी लालासाहेबांनी कोट काढला, तशी मामांची नजर त्यांच्या शर्टाच्या खिशावर गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी एक काज बोटानं चाचपलं, पाठीमागं जाऊन खांद्याच्या रेघा पाहिल्या.

"हे दुकानातलं नाही," मामा म्हणाले. "कुठं शिवता?"

रायगोंडा चार हात अंतरावर उभे होते. त्यांनी नकळत कॉलर सारखी केली.

"आहे मुंबईत एक माणूस," लालासाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडची बोलीसुद्धा बदलली होती. "तो लेबल लावत नाही. ज्याला कळतं, त्याला कळतं."

तीस वर्षांत कुणापुढं केला नव्हता तो आगाऊपणा रायगोंडांनी केला. पुढं होऊन ते म्हणाले, "आवं, म्या शिवलाय त्यो."

मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. नजर चेहऱ्यावरून उतरली ती सरळ हरणावर. असं काम करणारा माणूस छातीवर दुसऱ्याचं चिन्ह मिरवेल? मामा सभ्य होते, नुसतं हसले. मग त्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं.

लालासाहेबांनी रायगोंडांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा जुना माणूस आहे. बटणंबिटणं लावून देतो. रायगोंडा, जेवून जा हं."

रायगोंडा न जेवताच निघाले. तासगावच्या गाडीत बसल्यावर त्यांना रडू आलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

सोमवारी लालासाहेब सहा शर्टांचं कापड घेऊन हजर.

"राग धरू नगंस. तुझं नाव सांगितलं असतं तर उद्या सगळीच तुझ्याकडं आली असती. मग माझ्या अंगावर येगळं काय राहिलं? कुणाला गावत न्हाई, तेचीच किंमत हाय गड्या."

रायगोंडांनी मापांची वही काढली, लालासाहेबांचं पान फाडलं आणि घडी करून कापडावर ठेवलं.

"हे मुंबईला पाठवा," ते म्हणाले. "तुमचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. आत पट्टी घालून मी त्यो झाकत होतो. त्या माणसाला तेवढं सांगा."