कोणतं कलम ते सांगा

मेसेज आला तेव्हा मी आमटीला फोडणी घालत होते, आणि तो वाचून होईपर्यंत फोडणी करपली. "वहिनी, तुम्ही घरात राहता पण घराचे नियम पाळत नाही. मी विश्वास ठेवला होता." बस्, एवढंच. पाठवणारी कोण, तर आमची घरमालकीण, जिला सगळी गल्ली अक्का म्हणते. ती राहते आमच्या खालीच. तिने जिन्यात उभं राहून हाक मारली तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते. तरी मेसेज.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचे हे इथे, कानडी मुलखात, सरकारी कारखान्यात इंजिनीअर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि पीण्या नावाची कारखान्यांची वस्ती आहे, तिच्या अलीकडे या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला, कारण अक्का मराठी बोलते. म्हणजे ती बोलते त्याला मराठी म्हणायचं असेल तर. तिचं घराणं शिवाजीमहाराजांच्या काळापासून इकडे आहे म्हणे, आणि तिच्या प्रत्येक वाक्यात एक कानडी शब्द फोडणीसारखा पडतोच. पण ह्यांची आणि तिची गट्टी जमली. ह्यांना ती भाऊ म्हणायची, म्हणून मी वहिनी. हे गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मी लगेच उलट लिहिलं, "काय झालं अक्का?" उत्तर आलं, "तुम्हालाच ठाऊक."

आता सांगा, यावर माणसाने काय करावं? मला काहीच ठाऊक नव्हतं. खाली जाऊन विचारता आलं असतं, पण का विचारू? आरोप हिने करायचा आणि गुन्हा मी शोधून आणायचा? हा कुठला न्याय. मी दार लावून घेतलं आणि घरभर माझा गुन्हा शोधत बसले.

पहिला संशय कुंड्यांवर. बाल्कनीत ह्यांचा कढीपत्ता होता, आणि त्याला पाणी घातलं की चार थेंब खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत. मी पाणी बेतात घालायला लागले. मग वाटलं, मिक्सर. दुपारी अक्का आडवी होते, तेव्हा चटणी वाटणं बंद केलं. मग रेडिओ. तो मी सकाळी उठल्यापासून लावायची, ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. तोही बंद केला. खरं सांगायचं तर रेडिओ बंद केल्यावर मला घर सहन होईना. फ्रिजची घरघर थांबली की मी दचकायची. चप्पल न वाजवता चालायची. आपल्याच घरात चोरासारखी वावरायला लागले, आणि चोरी कसली ते माहीत नाही.

आणि हे सगळं करून काय पदरात पडलं, तर दुसरा मेसेज. "इतकं सांगून कळत नाही का? एकट्या बाईने असं वागणं बरं नाही."

एकट्या बाईने. तो शब्द वाचून मी खुर्चीतच बसले. आदल्या आठवड्यात ह्यांच्या कारखान्यातले एक स्नेही पेन्शनचे कागद घेऊन आले होते, चहा पिऊन, जरा वेळ बसून गेले. म्हणजे हे होतं तर. साठी उलटलेल्या बाईच्या घरी कोण चहा प्यायला येतं, यावर पाळत. मला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली, न केलेल्या गोष्टीची. त्या स्नेह्यांना मी पुढे दोनदा फोनवर सांगितलं, येऊ नका, मीच बँकेत येते. इथे माझ्याशी मराठीत चार वाक्यं बोलणारी दोनच माणसं होती. अक्काने तोंड फिरवलं होतं, आणि आता दुसरा मीच तोडला.

दोन दिवस मी मनातल्या मनात उत्तरं रचली. एकेक असं झणझणीत, की वाचून तिला ठसका लागला असता. शेवटी एकच पाठवलं. "मी घर सोडते आहे. करारात आहे तशी एका महिन्याची ही सूचना समजा." पुण्याला धाकट्या नणंदेकडे मागची खोली होती. तिने ये म्हटलं होतं, पण ये म्हणताना मध्ये जरा थांबली होती, ते मी विसरले नव्हते. मला जायचं नव्हतं. ह्यांचं शेवटचं आजारपण या घरात झालं. बाल्कनीच्या दारापाशी त्यांची खुर्ची जिथे असायची तिथे फरशीला तिच्या पायांचे ओरखडे आहेत, आणि ते मी उचलून पुण्याला नेऊ शकत नव्हते. तरी खोके आणायला सुरुवात केली. हट्ट म्हणतात तो हाच.

शनिवारी सकाळी बेल वाजली. अक्काची मुलगी. ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात, एका कंपनीत नोकरी करते. तिचं कामच करारनामे तपासायचं, कुणी करार मोडला की त्यांना पत्र लिहायचं. तिने आत येऊन खोके पाहिले आणि माझ्या हातात एक कागद दिला.

"काकू, आईच्या वतीने मी लिहिलंय. आधी वाचा, मग मला शिव्या द्या."

इंग्रजीत होता, चारच ओळी. आपल्या चालू भाडेकरारातील कलम तेरा पाहावे. भाडेकरूने मुख्य दाराचे कुलूप बदलल्यास तसे कळवून त्याची एक किल्ली मालकाकडे द्यायची आहे. आपण कुलूप बदलले आहे. किल्ली मिळालेली नाही. कृपया दहा दिवसांत द्यावी. खाली अक्काची सही.

मी उलटून मागची बाजू पाहिली. कोरी होती.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि कुंड्या? मिक्सर?"

"करारात कुंड्या कुठेच नाहीत काकू. आवाजाचं कलम आहे, पण ते रात्री दहानंतरचं. तुम्ही तर नऊला झोपता."

"आणि चहाला येणारी माणसं?"

तिला कळेचना मी काय म्हणतेय. सांगितल्यावर ती डोक्याला हात लावून बसली. "तुमची नोटीस आली तेव्हा आई रडायला लागली. मी म्हटलं, तू त्यांना लिहिलंस तरी काय? तिने फोन दाखवला. मी विचारलं, यातलं कोणतं कलम मोडलंय ते सांग. तिला सांगता येईना, म्हणून आम्ही करार काढून बसलो. शेवटी किल्लीवर बोट ठेवलं तिने." मग म्हणाली, "आमच्या ऑफिसात नवीन मुलंही असंच लिहितात. तुम्ही बेजबाबदार आहात, तुम्ही विश्वासघात केलात. मी ते सगळं खोडायला लावते. बेजबाबदार म्हटलं की समोरचा भांडतो, नाहीतर नसती कामं करत सुटतो. कलमाचा आकडा दिला की तो पान उघडून बघतो. चूक असेल तर दुरुस्त करतो, नसेल तर आपल्याला आपली चूक दाखवतो."

ती गेल्यावर मी पान उघडून बघितलं. कलम तेरा होतं. ती किल्ली बंद पाकिटात राहील, आणि बेल वाजवून, फोन करूनही उत्तर मिळालं नाही तरच मालक ती वापरेल, असंही होतं. खाली ह्यांची सही आणि शेजारी माझी. सही करताना हे अक्काला म्हणाले होते, ठेव बाई, आम्हाला चोर न्यायला आले तर सोडव. आणि कुलूप मी खरंच बदललं होतं. जुनं कुलूप लावताना दार खांद्याने जरा उचलून धरावं लागायचं. ती कला ह्यांना यायची, मला नाही. म्हणून मेन रोडवरच्या माणसाकडून नवीन लॅच बसवून घेतलं. त्याच्याबरोबर दोन किल्ल्या मिळाल्या. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवली, ह्यांच्या किल्लीची जागा तीच म्हणून. हात आपोआप तिकडे गेला होता. कलम मागत होतं ती नेमकी ही किल्ली.

ती खिळ्यावरून काढायला मला सबंध दुपार लागली. हसू नका. नुसता रिकामा खिळा बघवत नाही माणसाला.

मग मीही कागद घेतला. रागाची तीन पानं मनात तयार होती, पण ती कुठल्या कलमात बसेनात. लिहिलं एवढंच: कलम तेराप्रमाणे किल्ली सोबत देत आहे. घर सोडण्याची सूचना, आपली हरकत नसल्यास, मागे घेते.

अक्का दारातच होती. कागद वाचून म्हणाली, "सरी." म्हणजे कानडीत, ठीक आहे. मग किल्ली हातात घेऊन नुसती उभी राहिली.

"अक्का," मी म्हटलं, "किल्ली द्या, असं दोन शब्दांत लिहायला काय झालं होतं?"

"कसं लिहू वहिनी? तुमच्याआधी वर एक म्हातारे राहायचे, एकटेच. दोन दिवस दार वाजवलं आम्ही. शेवटी सुतार आणून फोडलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्यानंतर घातलं ते कलम. भाऊ होते तोवर मला स्वल्पही काळजी नव्हती. आता तुम्ही वर एकट्या, कुलूप नवीन, किल्ली कुणाकडे नाही. तुम्ही एकट्या पडून राहाल म्हणून किल्ली द्या, असं लिहू? तुम्हाला काय वाटलं असतं?"

"तुम्ही लिहिलंत त्याने काय वाटलं ते विचारा."

तिने एकदाही सॉरी म्हटलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. पण ती म्हणाली ते खरं होतं. तू एकटी आहेस, हे तिच्या तोंडून मला ऐकवलं नसतं. तेरा या आकड्यात ते सगळं होतं आणि कुणाला उच्चारावं लागत नव्हतं. मुलीला हे सांगायला हवं, तिच्या ऑफिसात चालेल की नाही कोण जाणे.

रेडिओ पुन्हा सुरू झाला. पेन्शनवाल्या स्नेह्यांना मी स्वतःहून चहाला बोलावलं. कढीपत्ता मात्र वाळला तो वाळलाच. बेतात पाणी घालता घालता त्याच्या मुळाशी काही उरलं नव्हतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, आणि त्यासाठी मी अक्काला माफ केलेलं नाही, हेही सांगून टाकते.

मग पावसाळ्यानंतर एकदा दाढ काढली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने मी अशी झोपले की सकाळ सरून उन्हं पार पलंगावर आली. बेल ऐकली नाही. फोन दुसऱ्या खोलीत होता. नंतर पाहिलं, त्यावर अक्काचे तीन कॉल होते. म्हणजे बाईने नियमाप्रमाणे सगळं केलं होतं, बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती.

मला जाग आली ती दाराच्या आवाजाने. किल्ली आत गेली, फिरली, लॅच मागे सरकलं. मी अर्धवट झोपेत होते. क्वार्टरमध्ये असताना रोज संध्याकाळी हे कारखान्यातून आल्यावर व्हायचा तसाच आवाज, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलात? चहा ठेवते."

"ठेवा," बाहेरून अक्का म्हणाली. "दोन कप."