बिनकामाचा डबा

परभणीत आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा एक कायदा होता. एक्स्टर्नल डिस्कचं सॉकेट, म्हणजे वायर खोचायची जागा, तुटलं की डबा फोडायचा, आतली डिस्क थेट मशीनला लावायची आणि डबा भंगारात टाकायचा. कायदा उस्तादांचा, ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो. ते गेले, तरी तो आणि त्यांची पार्टिशन दुरुस्त करायची जुनी सीडी मी इमानाने सांभाळली होती. ते समोर चहा पीत बसायचे ते दिवस अजून आठवतात.

काही वर्षांपूर्वी चुडाव्याच्या एक बाई सॉकेट तुटलेली तीन टीबीची डिस्क घेऊन आल्या. वडील शिवाची भजनं म्हणायचे, त्याचे सगळे व्हिडिओ त्यात होते. वडील आदल्या साली गेलेले, दुसरी कॉपी नाही.

"आप्पाचा आवाज एवढ्यातच हाय," त्या म्हणाल्या. "निघंल का?"

"निघंल की, बसा," मी म्हणालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी.

डबा फोडला, डिस्क थेट लावली. मशीन म्हणालं, फॉरमॅट करा. सीडी चालवली. तिने पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचा कोणता भाग कुठून कुठपर्यंत आहे त्याची नोंद, चुकलंय सांगितलं आणि दुरुस्त करून लिहू का, असं विचारलं. बाईंनी पदर घट्ट धरला होता. मी 'यस' दाबणारच होतो.

पण आकडा डोळ्यांत खुपला. पार्टिशन दिसत होतं पावणेचारशे जीबीचं. तीन टीबीचा बरोबर आठवा हिस्सा. खराब झालेली डिस्क एवढा नेमका हिशेब कशाला करेल?

मग लक्षात आलं. त्या डब्यातली सर्किटची पट्टी मशीनला डिस्कचे सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचे कप्पे, चार हजार शहाण्णव बाइटचे म्हणून दाखवायची, आणि टेबल त्याच मापाने लिहिलेलं. पट्टी काढल्यावर तेच आकडे मशीन पाचशे बारा बाइटच्या मापाने मोजत होतं. पायलीचा हिशेब कुणी शेराने मोजावा, तसं. उस्तादांच्या सीडीला तर पाचशे बाराखेरीज दुसरं माप माहीतच नव्हतं. तिने चुकीच्या जागी शोधून चुकीचंच टेबल लिहिलं असतं. डिस्क धडधाकट होती. बिघाड मी केला होता.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"डबा फोडायला नव्हता पायजे, ताई. माझी चूक हाय," मी म्हणालो. फार लाज वाटली.

भंगाराच्या टोपल्यातून पट्टी शोधली, नवं सॉकेट सोल्डर केलं, डिस्क पुन्हा तिच्यावर बसवली. सगळे फोल्डर उघडले. उस्ताद असते तर आधी चिडले असते, मग स्वतःच्याच सीडीला शिव्या देऊन हसले असते.

खात्री करायला एक व्हिडिओ लावला. आप्पा टाळ घेऊन बसलेले. भजन सुरू करता करता थांबले, कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "बाई, च्या ठिवला का गं?"

माझ्याशेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "ठिवलाय, आप्पा."